कोपऱ्यातले नाव, शेवटची पाटी

प्रस्तावना

तंबूतला सिनेमा पाहिलेल्यांना मध्यंतरातल्या स्लाइडी आठवत असतील. रीळ बदलेपर्यंत पडद्यावर एक काच उजळायची. तिच्यावर ब्रशने रंगवलेले कापड दुकानाचे, शिंप्याचे किंवा खानावळीचे नाव, एखादे चित्र आणि खाली पत्ता. काच तळहाताएवढी, त्यामुळे रंगवणाऱ्याला चार-पाच शब्दांत भागवावे लागे. मागच्या बाकावरच्या माणसालाही वाचता यावे म्हणून अक्षर जाड काढावे लागे. प्रेक्षक शेंगा आणायला उठायच्या आत नाव डोक्यात बसायला हवे, एवढाच त्या काचेचा हिशेब होता.

आज तो पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि काच फुकट झाली आहे. दुकानदार फोनमधल्याच जुन्या क्लिपा जोडून मिनिटभराचा व्हिडिओ करतो. मग शेवटी नाव, पत्ता, तीन मोबाइल नंबर, मालाची यादी, सणाच्या शुभेच्छा आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’ हेही टाकतो. वर कोपऱ्यात लोगो असतो, पण इतका बारीक, की ते नाव आहे की डाग हे कळत नाही. व्हिडिओ गावभर फिरतो आणि दुकानाचे नाव मात्र कोणाला सांगता येत नाही. असे का होते आणि ते कसे टाळावे, हा या लहानशा शास्त्राचा विषय. त्यात नव्याने शिरणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे.

शास्त्र म्हटले म्हणून दचकू नये. त्याला लागणारे गणित पाचवीच्या पुस्तकातले आहे आणि अवजार म्हणजे हातातला फोन. मात्र ते एका भेदावर उभे आहे आणि तो आधी नीट समजून घ्यावा लागतो. कोपऱ्यातला लोगो आणि शेवटची पाटी ही एकाच जाहिरातीची लहान-मोठी रूपे नाहीत. दोघांची कामे वेगळी आहेत, कारण दोघांचे प्रेक्षक वेगळे आहेत.

दोन प्रेक्षक

कोपऱ्यातला लोगो व्हिडिओ शेवटपर्यंत न पाहणाऱ्यासाठी असतो. कोणी दहा सेकंदांत पुढे सरकतो. कोणी मधलाच तुकडा कापून स्टेटसला ठेवतो, तर कोणी शेवट उडवून पुढे पाठवतो. या सगळ्या वाटांवर शेवटची पाटी गळून पडते आणि उरते ते फक्त चित्रात मुरलेले नाव. शेवटची पाटी मात्र शेवटपर्यंत थांबलेल्या माणसासाठी असते. त्याला माल पटलेला असतो, आता कुठे जायचे आणि कोणाला फोन करायचा एवढेच त्याला हवे असते. म्हणून कोपऱ्याने नाव सांभाळावे आणि शेवटाने वाट दाखवावी. कोपऱ्यात फोन नंबर घालणे आणि शेवटी नुसता मोठा लोगो फिरवणे, या दोन्ही चुका हा भेद न पाळल्यामुळेच होतात.

मोठ्या माध्यमांत ही वाटणी सावकाश घडत गेली. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेल्या प्रभात फिल्म कंपनीची तुतारी फुंकणारी स्त्री चित्रपटाच्या आरंभी येई. थिएटरात बसलेला माणूस उठून दुसरीकडे जाणार नव्हता, त्यामुळे सही सुरुवातीला एकदा केली की पुरत असे. शेवटी नुसते ‘समाप्त’ यायचे, म्हणजे आता उठा. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, हातात रिमोट आला आणि प्रेक्षक कुठल्याही क्षणी आत येऊ-जाऊ लागला. तेव्हा सही सतत दिसणे गरजेचे झाले. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली, तिचीच पुढे झी मराठी झाली. मालिका त्याच राहिल्या, तरी कोपऱ्यातल्या खुणेवरून आपण कोणत्या वाहिनीवर आहोत हे घराघरात कळत होते. धंद्यातले लोक या खुणेला ‘बग’ म्हणतात, चित्रावर बसलेला किडाच जणू. दुकानदाराच्या व्हिडिओला आज दोन्ही लागतात. त्याचा प्रेक्षक रिमोटवाल्यापेक्षाही चंचल आहे आणि त्याच्या व्हिडिओचा शेवट ‘समाप्त’ नसून ‘या’ असा असतो.

दुसरबीडचे एक दुकान

नियम सांगत बसण्यापेक्षा एक उदाहरण तडीस नेऊ. सिंदखेड राजा तालुक्यातल्या दुसरबीडला, सिंदखेड राजाकडून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ठिबक आणि तुषार संचांचे एक दुकान आहे असे समजू. दुकान कल्पनेतले आहे, पण त्याच्या अडचणी अशा कुठल्याही गावात सापडतील. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस जवळ आले आहेत आणि तुषार संचांची चौकशी आता सुरू होईल. मालकाला मिनिटभराचा व्हिडिओ हवा आहे. नवे शूटिंग करायला ना वेळ आहे ना पैसा. फोन चाळल्यावर पाच क्लिपा निघतात.

पहिलीत हरभऱ्याच्या रानात तुषार फिरताना दिसतात. ती उभी आणि स्वच्छ आहे, त्यातली १२ सेकंदे घेण्याजोगी. दुसरी पाइप बनवणाऱ्या कंपनीने विक्रेत्यांना दिलेली, आडवी, वर उजवीकडे कंपनीचा लोगो असलेली, १० सेकंदांची. तिसरी एका शेतकऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली ठिबकच्या नळ्यांची, उभी पण पुसट, ९ सेकंदांची. चौथी दुकानाच्या काउंटरची, ८ सेकंद. पाचवीत फिल्टर उघडून जाळी कशी धुवायची हे मालक स्वतः दाखवतो, १५ सेकंद. बेरीज ५४ सेकंद. शेवटच्या पाटीला ६ ठेवली की मिनिट भरले.

पहिला निर्णय चौकटीचा. पाचांपैकी चार क्लिपा उभ्या आहेत आणि पाहणारेही फोन उभाच धरतात, म्हणून चौकट उभी, १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० उंच. आडव्या कंपनी-क्लिपचे काय? ती पूर्ण उंचीला ताणली तर रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो आणि कंपनीचा लोगो कापला जातो. ते दिसायलाही वाईट आणि न्यायालाही धरून नाही. त्याऐवजी ती रुंदीत बसवली तर साधारण ६०८ पिक्सेल उंचीचा पट्टा होतो आणि वरखाली साडेसहाशेच्या आसपास मोकळी जागा राहते. तिथे त्याच चित्राची धूसर प्रत अंथरता येते. कंपनीचा लोगो त्याच्या जागी शाबूत राहतो आणि आपला वरच्या मोकळ्या जागेत त्याला न अडवता बसतो.

इथे कायद्याचा एक शब्द. दुसऱ्याच्या क्लिपवरची खूण पुसणे किंवा तिच्यावर नेमका आपला लोगो चिकटवणे ही नुसती लबाडी नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५ब हे कलम हक्कदाराची माहिती देणारी खूण जाणूनबुजून काढणाऱ्यासाठीच आहे. कंपनीने क्लिप वापरायला दिली असेल तर तिची खूण ठेवावी. शेतकऱ्याची क्लिप त्याला विचारूनच घ्यावी.

झाकल्या जाणाऱ्या जागा

नवख्याला वाटते की चौकट आपली आहे, तर तिचा प्रत्येक कोपराही आपला. तसे नसते. जुने टीव्ही संच चित्राच्या कडा खाऊन टाकत, म्हणून प्रसारणाच्या जगात सुरक्षित क्षेत्राची रीत पडली. आजच्या मानकात अक्षरे प्रत्येक कडेपासून ५ टक्के आत ठेवतात. आडव्या १९२० बाय १०८० च्या चौकटीत हे अंतर बाजूंना ९६ आणि वरखाली ५४ पिक्सेल येते. फोन कडा खात नाही, पण त्याहून मोठी जागा अडवतो. रील्समध्ये खाली नाव आणि मजकूर, उजव्या बाजूला खालपर्यंत बटणांची रांग असते. स्टेटसमध्ये वर पाठवणाऱ्याचे नाव आणि खाली उत्तराची चौकट येते. रील्सच्या जाहिरातींसाठी मेटाचाच सल्ला आहे की वरचे सुमारे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६ टक्के मोकळे सोडावेत.

आपल्या चौकटीवर हे मोजू. वरून साधारण २७० पिक्सेल, खालून ६७२ आणि बाजूंनी ६५-६५ सोडले की उरतो ९५० रुंद आणि ९७८ उंच असा तुकडा. म्हणजे एवढ्या उंच चौकटीत आपल्या हक्काची जागा जवळजवळ चौरस आहे आणि तीही मधोमध नाही, थोडी वर. शेवटच्या पाटीचे सगळे शब्द या चौरसात बसले पाहिजेत. फोन नंबर तळाशी लिहायची आपली सवय दुकानाच्या पाटीवरून आलेली आहे. फोनच्या पडद्यावर तो नेमका मजकुराखाली दडतो.

कोपऱ्यातल्या लोगोचेही तसेच. खरा कोपरा वापरता येत नाही, लोगो कोपऱ्यातून खाली-आत सरकवावा लागतो. आपण तो वरून २८० आणि बाजूने ७० पिक्सेल आत ठेवू. डावीकडे की उजवीकडे, हे क्लिपा ठरवतात. पाचही क्लिपांचे एकेक चित्र थांबवून त्या जागी काय येते ते पाहावे. काउंटरच्या क्लिपमध्ये उजवीकडे भिंतीवर लिहिलेली पाटी आहे, तिच्यावर लोगो बसला तर अक्षरावर अक्षर येईल. डावीकडे पाचही ठिकाणी आभाळ, रान किंवा साधी भिंत आहे. म्हणून डावीकडे, आणि एकदा ठरले की पाचही क्लिपांत तीच जागा. दर क्लिपला जागा बदलणारा लोगो डोळ्याला माशीसारखा छळतो.

एका सेंटिमीटरात काय मावते

आता आकार. लोगो १६० पिक्सेल रुंद घेऊ, म्हणजे चौकटीच्या सुमारे १५ टक्के. नेहमीच्या फोनचा पडदा जेमतेम सात सेंटिमीटर रुंद असतो, त्यावर हा लोगो एक सेंटिमीटर भरतो. पट्टीवर एक सेंटिमीटर बघा आणि त्यात दुकानाचे पूर्ण नाव, त्याखाली ‘कृषी सेवा केंद्र’ आणि भोवती गव्हाच्या लोंब्या लिहून पाहा. वहीत जे जमत नाही ते पडद्यावरही जमणार नाही. एका सेंटिमीटरात एक अक्षर ठसठशीत बसते, फार तर तीन अक्षरांचे छोटे नाव. म्हणून फ्लेक्सवरचा लोगो जशाच्या तसा लहान करून चालत नाही. त्यातला एक भाग, एखादे आद्याक्षर किंवा तुषाराच्या फवाऱ्याची साधी रेघ, वेगळा काढावा लागतो. मोठा लोगो शेवटच्या पाटीवर, त्याचे पिल्लू कोपऱ्यात.

लहान आकाराखेरीज दुसरा शत्रू म्हणजे दाबणे. व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना त्याचा आकार कमी करते. १०८० ची रुंदी ४८० वर आली असे धरू. आपला १६० चा लोगो ७१ पिक्सेल उरतो. शिरोरेघ ४ पिक्सेल जाड असेल तर ती दोनाहूनही कमी होते आणि तुटक दिसू लागते. तीच १० पिक्सेल जाड असेल तर चाराच्या वर टिकते. देवनागरीत हे विशेष जपावे लागते. रोमन अक्षराची एखादी बारीक रेघ गेली तरी अक्षर ओळखू येते. शिरोरेघ तुटली, मात्रा मिसळली किंवा अनुस्वार नाहीसा झाला तर शब्दच बदलतो.

रंगांचाही यात वाटा आहे. नेहमीच्या व्हिडिओत उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंगाची नोंद उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना निम्मीच असते. त्यामुळे फरक केवळ रंगाचा असेल, उजेडाचा नसेल, तर कडा लिबलिबीत होतात. हिरव्यावर लाल अक्षर शेतीच्या दुकानाला मोहात पाडते आणि तेच सर्वांत लवकर विरघळते. पारख सोपी आहे. स्क्रीनशॉट काढून तो कृष्णधवल करावा. अक्षर तेव्हाही उठून दिसले तर रंगजोडी चालेल, करड्यात करडे झाले तर बदलावी.

पारदर्शकतेविषयीही एक गैरसमज आहे. वाहिन्यांचा लोगो अर्धपारदर्शक असतो, म्हणून आपलाही तसा करायची हौस असते. वाहिनीची खूण प्रेक्षकाला पाठ असते, अर्धी दिसली तरी तो पुरी करून घेतो. दुसरबीडच्या दुकानाची खूण मेहकरच्या माणसाने पहिल्यांदाच पाहिलेली असते. शिवाय पारदर्शक लोगोमागे रान हलते, फवारा उडतो आणि तो भाग क्षणोक्षणी नव्याने नोंदवावा लागतो, म्हणून दाबल्यावर तिथे चिखल होतो. लोगोमागे गडद रंगाची भरीव गोल तबकडी ठेवली की तो भाग स्थिर राहतो आणि स्वस्तात स्वच्छ टिकतो. क्लिपा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उन्हात काढलेल्या असतात. पांढरा लोगो दुपारच्या आभाळात हरवतो, काळा काउंटरखालच्या सावलीत. तबकडी असली की मागे काहीही येवो.

हा लोगो मिळवतानाच अनेकांची गाडी अडते. मूळ फाइल फ्लेक्सवाल्याकडे असते, तो फोटो म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि लोगोभोवती पांढरा चौकोन येतो. पारदर्शक पार्श्वभूमी JPG मध्ये टिकत नाही. त्याच्याकडून PNG मागावी आणि ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. जमल्यास अक्षरांचे आकारात रूपांतर केलेली SVG किंवा PDF सुद्धा घेऊन ठेवावी, म्हणजे पिल्लू काढताना कडा फाटत नाहीत.

अक्षरांची शिस्त

शेवटच्या पाटीकडे वळण्याआधी देवनागरीच्या तीन खोड्या ओळखून ठेवाव्यात. इंग्रजीतल्या मार्गदर्शनात त्या सापडत नाहीत.

पहिली, जुन्या आणि नव्या फाँटची. कृती देव किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर व्हिडिओच्या ॲपमध्ये चिकटवला की भलतीच चिन्हे उमटतात. कारण तिथे अक्षरे मुळात रोमन कळांवर बसवलेली असतात. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणे हाच उपाय. युनिकोडचे चांगले मराठी फाँट आज मोकळे मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता त्यांपैकी एक. या वाटेची सुरुवात र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकारांनी केली. विंडोजवरचा मंगल हा फाँट त्यांचाच.

दुसरी खोड जोडाक्षरांची. काही संपादन प्रणालींना देवनागरीची जुळणी येत नाही. ‘सिंचन’ मधली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते, ‘केंद्र’ मधला ‘द्र’ पाय मोडून वेगळा होतो. प्रीमिअर वापरत असाल तर पसंतीच्या रकान्यात मजकुराचे इंजिन South Asian and Middle Eastern असे निवडावे लागते. फोनवरच्या ॲपमध्ये ही सोय नसेल तर वाद घालू नये. पाटीचा मजकूर दुसऱ्या ॲपमध्ये नीट लिहून त्याचे PNG चित्र करावे आणि ते चित्रच व्हिडिओवर ठेवावे. चित्रातली वेलांटी पळून जात नाही.

तिसरी खोड अक्षरांमधल्या अंतराची. रोमन नाव भारदस्त दिसावे म्हणून अक्षरे लांब-लांब टाकतात. तोच आकडा देवनागरीला लावला तर शिरोरेघेचे तुकडे होतात आणि दुकानाचे नाव गळ्यातल्या तुटलेल्या माळेसारखे दिसते. देवनागरीत ते अंतर शून्यच ठेवावे. दोन ओळींमधले अंतर मात्र वाढवावे, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकाच पोकळीत उतरतात.

शेवटची पाटी

मालक म्हणणार, “जागा हाय तं सगळंच टाका ना भाऊ.” त्याचे म्हणणे समजून घ्यावे, कारण पाटी रंगवणाऱ्याला त्याने एकदाच पैसे दिले आणि ती पाटी दहा वर्षे रस्त्यावर उभी आहे. तिथे जाणारा-येणारा रोज थोडे थोडे वाचतो. इथे मात्र सहा सेकंद आहेत. म्हणून एकच प्रश्न विचारायचा: हा व्हिडिओ संपल्यावर पाहणाऱ्याने काय करावे? आपल्या मालकाला संचाची चौकशी फोनवर हवी आहे. मग फोन नंबर हा पाटीचा राजा, बाकी सारे त्याच्या दरबारी.

९५० बाय ९७८ च्या चौरसात वरून खाली असे मांडू. लोगो २६० पिक्सेल. त्याखाली दुकानाचे नाव १०० आकारात, मग ‘तुषार व ठिबक संच, विक्री आणि दुरुस्ती’ ही ओळ ६० मध्ये, मग फोन नंबर १२० मध्ये आणि शेवटी ‘बसस्थानकासमोर, दुसरबीड’ पुन्हा ६० मध्ये. बेरीज ६००, उरलेले पावणेचारशे चार फटींत वाटले की श्वास घ्यायला जागा मिळते. दहा आकड्यांचा नंबर या आकारात सातशेच्या आसपास रुंदी घेतो, मधली फट धरूनही तो एका ओळीत बसतो. नंबर पाच-पाचच्या दोन गटांत तोडावा. आकडे फोनच्या कळांवर दिसतात त्याच लिपीत द्यावेत, कारण वाचणाऱ्याला ते तिथेच दाबायचे असतात. नंबर एकच द्यावा. दोन दिले की कोणता लावावा या विचारात सहा सेकंद जातात.

पत्त्यातही विचार लागतो. गावातल्याला ‘बसस्थानकासमोर’ पुरते. पण व्हिडिओ लोणारला, देऊळगाव राजाला, जालन्यालाही पोहोचतो. दूरचा माणूस येणार असेल तर ‘सिंदखेड राजा–मेहकर रस्ता’ हे शब्द जिल्हा आणि पिनकोडपेक्षा अधिक वाट दाखवतात. यादी, वस्तू व सेवा कराचा क्रमांक, प्रोप्रायटरचे नाव आणि शुभेच्छा यांना निरोप. ‘आमची कोठेही शाखा नाही’ यालाही, कारण शाखा आहे असे कोणी म्हटलेलेच नाही.

क्यूआर कोडचा मोह अलीकडचा. तो दुकानातल्या टीव्हीवर चालणाऱ्या व्हिडिओत उपयोगी आहे, समोरचा माणूस फोन काढून तो टिपू शकतो. पण जो व्हिडिओ फोनवरच पाहिला जातो, त्यातला कोड पाहणाऱ्याने कशाने टिपावा? फोन स्वतःकडे कॅमेरा वळवू शकत नाही. अशा वेळी व्हॉट्सॲपचा wa.me दुवा व्हिडिओसोबतच्या मजकुरात द्यावा, पाटीवर नाही. पाटीवरच्या दुव्यावर बोट ठेवून काहीच उघडत नाही.

वेळेचा हिशेब कानाने करावा. पाटीवरचे सारे मनातल्या मनात सावकाश वाचून पाहावे आणि घड्याळ लावावे. आपल्या पाटीला एकदा वाचायला चार-पाच सेकंद लागतात, म्हणून सहा सेकंद ही खालची मर्यादा. त्या वेळात मालकाच्या आवाजात नाव आणि गाव बोलून घेतले तर डोळे नंबरासाठी मोकळे राहतात. आणि ही सहा सेकंदे खरोखर सहा आहेत ना, हे तपासावे. मागच्या क्लिपमधून पाटीत विरघळत येण्यात एक सेकंद गेले आणि शेवटी काळोखात मावळण्यात एक गेले, की वाचायला चारच उरतात. रील पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, स्टेटस पुढच्या माणसाकडे सरकते, पाटीवर कोणी थांबत नाही. म्हणून येणे अर्ध्या सेकंदात उरकावे, ३० चित्रांच्या गतीत ती १५ चित्रे होतात. जाणे ठेवूच नये. पाटी अखेरच्या चित्रापर्यंत पूर्ण उजेडात उभी राहावी.

नाव उडत येणे, नंबर फिरत येणे हेही जपून. घाईतला माणूस नंबर लिहून घेत नाही, तो स्क्रीनशॉट काढतो. पाटी कुठल्याही क्षणी टिपली तरी तिच्यावर सगळे एकत्र असायला हवे. नाव आले, गेले, मग नंबर आला, अशा पाटीचा स्क्रीनशॉट नेहमी अर्धवटच निघतो.

आणि पाटी उगवताच कोपऱ्यातला लोगो मावळला पाहिजे. ५४ व्या सेकंदाला त्याचे काम संपले, आता मोठा भाऊ आला. दोन्ही एकत्र राहिले तर एकाच दाराला दोन पाट्या दिसतात. संपादनात लोगोची पट्टी चुकून शेवटपर्यंत ओढलेली राहणे ही सर्वांत नेहमीची चूक. काही मोफत ॲप स्वतःची खूणही कोपऱ्यात छापतात. ती आपल्या लोगोच्या जागी येत असेल तर आधीच दुसरा कोपरा किंवा दुसरे ॲप पाहावे.

मर्यादा, आणि एक परीक्षा

या मांडणीतले आकडे देवाचे नाहीत. ॲपची बटणे जागा बदलतात, तेव्हा सुरक्षित चौरस पुन्हा मोजावा लागतो. यूट्यूबवर आडवा व्हिडिओ टाकायचा असेल तर हिशेबच वेगळा. तिथे यूट्यूबची स्वतःची शेवटची पाटी व्हिडिओच्या अखेरच्या ५ ते २० सेकंदांत बसते आणि त्यासाठी व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा लागतो. तिच्यावर पुढच्या व्हिडिओचे चौकोन येतात, म्हणून आपल्या पाटीची एक बाजू मुद्दाम रिकामी सोडावी लागते. तीच उभी पाटी आडवी करून भागत नाही. शेतकऱ्याची ती पुसट क्लिप लोगोने धारदार होत नाही, उलट स्वच्छ लोगोशेजारी तिचा पुसटपणा वाढतो. अशी क्लिप मधोमध आणि थोडक्यात ठेवावी, पाटीच्या अगदी आधी नको.

तयार व्हिडिओची परीक्षा मात्र एकच पुरे. तो स्वतःला नाही, दुसऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवावा आणि त्याच्या फोनवर, दुपारी उन्हात, हात लांब करून पाहावा. बघणारा दुकानाशी अनोळखी असावा, शेजारच्या टपरीवर चहा पिणारा परगावचा प्रवासी सर्वांत चांगला. त्याला दोनदा दाखवावे. पहिल्यांदा विसाव्या सेकंदाला थांबवून विचारावे, “हे कोणाचं?” दुसऱ्यांदा शेवटपर्यंत दाखवून फोन काढून घ्यावा आणि विचारावे, “यांना गाठायचं तर काय कराल?” पहिल्याचे उत्तर कोपऱ्याने द्यायचे आहे, दुसऱ्याचे पाटीने. जो प्रश्न अडेल, त्याची दुरुस्ती त्याच्याच जागी करावी. कोपरा अडला म्हणून पाटी मोठी करू नये आणि पाटी अडली म्हणून कोपऱ्यात नंबर कोंबू नये.

तंबूतला काच रंगवणारा ही परीक्षा रोज रात्री मागच्या बाकावर उभा राहून देत असे. आपला मागचा बाक आता टपरीवर आहे.